व्याज बचतीचं नव्हे, रोकड सोडण्याचं

दोन माणसांनी वर्षभरात सारखीच रक्कम शिल्लक टाकली. एकाने ती चालू खात्यात राहू दिली, दुसऱ्याने तिचे सरकारी कर्जरोखे घेतले. बचत दोघांनीही तेवढीच केली, उपभोग दोघांनीही तेवढाच आवरला. व्याज मात्र फक्त दुसऱ्याला मिळालं. व्याज हा बचतीचा मोबदला असता तर पहिल्यालाही ते मिळायला हवं होतं. दुसऱ्याने जास्तीचं एकच केलं: हातातली रोकड सोडली आणि तिच्या जागी पुढे कधीतरी पैसे मिळण्याचं वचन घेतलं. व्याज मिळतं ते या सोडण्याबद्दल.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने 1936 मध्ये मांडलेल्या रोखता पसंतीच्या सिद्धान्ताचं सार एवढंच आहे. तरीही व्याजदरावरच्या सार्वजनिक चर्चेत दोन समजुती पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात. एक, लोकांनी जास्त बचत केली की व्याजदर आपोआप उतरतो. दोन, मध्यवर्ती बँकेने पुरेसा पैसा बाजारात सोडला की दीर्घ मुदतीचं कर्ज हवं तितकं स्वस्त करता येतं. माझ्या मते दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी जास्त महागात पडते. लोक पैसा कशासाठी धरून ठेवतात हे नीट पाहिलं की त्या का चुकतात ते कळतं.

पहिला हेतू व्यवहाराचा. मिळकत एका दिवशी येते आणि खर्च महिनाभर चालतो, म्हणून मधल्या काळात पैसा जवळ लागतो. महिन्याला 30,000 मिळवणारा माणूस ते रोज सारखे खर्चत असेल तर त्याच्याजवळ महिनाभरात सरासरी 15,000 असतात. तीच मिळकत दर आठवड्याला 7,500 अशी हाती आली तर सरासरी 3,750 वरच भागतं. म्हणजे मिळकत तीच राहून, केवळ पगाराची पद्धत बदलली म्हणून, पैशाची गरज चौथाईवर येते.

या हेतूवर व्याजाचा परिणाम होतो, पण उंबरठा ओलांडल्यावरच. वरच्या माणसाने पगाराच्या दिवशी अर्धे, म्हणजे 15,000, रोख्यात घातले आणि पंधरा दिवसांनी मोडले असं धरू. महिना अर्धा टक्का व्याजाने त्याला 37.50 मिळतील. घेण्याचा आणि विकण्याचा खर्च प्रत्येकी 20 असेल तर 40 गेले. हा उद्योग तो करणार नाही. व्याज महिना एक टक्का झालं तर 75 मिळतात, 40 जाऊन 35 उरतात. आता तो करील. अर्थशास्त्रज्ञ बॉमोलने 1952 मध्ये आणि टोबिनने 1956 मध्ये हाच हिशेब सूत्रात बांधला. त्यातून निघणारी गोष्ट अशी की छोट्या रकमेचा माणूस व्याजदराकडे ढुंकूनही पाहत नाही, पण मोठ्या उलाढालीची कंपनी एका रात्रीपुरतीही शिल्लक बिनव्याजी ठेवत नाही. व्यवहाराच्या पैशाबद्दल एवढं पुरे. तो उत्पन्नाबरोबर वाढतो आणि घटतो, आणि सहसा कुणाला चकवत नाही.

दुसरा हेतू दक्षतेचा. आजारपण, अडलेली वसुली, अचानक आलेली देणी, किंवा समोर आलेली आणि लगेच पैसे मागणारी संधी. यासाठी किती पैसा लागेल हे आधी कळत नाही, आणि म्हणूनच तो ठेवला जातो. हा पैसा किती ठेवायचा हे व्याजापेक्षा एका वेगळ्या प्रश्नावर ठरतं: अडचणीच्या दिवशी कर्ज मिळेल याची खात्री किती? बँकेने मंजूर केलेली आणि अजून न वापरलेली कर्जमर्यादा ज्याच्याजवळ आहे तो कमी रोकड ठेवतो. पण ती मर्यादा ऐन वेळी काढून घेतली जाईल अशी शंका आली की तो आजच ती पूर्ण उचलतो आणि खात्यात टाकून ठेवतो. मार्च 2020 मध्ये अनेक मोठ्या कंपन्यांनी नेमकं हेच केलं. दक्षतेची मागणी वर्षानुवर्षं शांत असते आणि मग काही दिवसांत उसळते, ती अशा कारणाने.

तिसरा हेतू सट्ट्याचा. या शब्दाला चिकटलेला जुगाराचा वास इथे बाजूला ठेवायला हवा. रोख्यांच्या किमती पडतील असं ज्याला वाटतं तो पैसा घेऊन बाजूला थांबतो, इतकाच त्याचा अर्थ. व्याजदराची खरी गाठ याच हेतूत आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मुद्दल कधीच परत न करता दरवर्षी ठराविक व्याज देणारा एक रोखा घ्या. दर्शनी किंमत 100, वार्षिक व्याज 4. बाजारातला दर 4 टक्के असताना तो 100 ला विकला जातो. उद्या बाजारदर 5 टक्के झाला तर नवे रोखे 100 मागे 5 देऊ लागतील, आणि 4 देणाऱ्या जुन्या रोख्याला 80 च्या वर कुणी देणार नाही. रोखा धरून बसलेल्याचे 20 बुडाले, म्हणजे पाच वर्षांचं व्याज गेलं. चालू खात्यात पैसा ठेवणाऱ्याचे 100 चे 100 राहिले. व्याज न देणारा पैसा धरून ठेवणं मूर्खपणाचं नाही, हे इथे दिसतं. व्याजदर वाढणार असेल तर पैसा हीच त्या काळातली सर्वांत चांगली मालमत्ता असते.

आता पुढचा प्रश्न: वर्षभराचं व्याज पुसून टाकायला दर किती वाढावा लागतो? दर 4 टक्के असताना तो 4.16 झाला तरी पुरे. किंमत 96 च्या जवळ येते आणि वर्षाचं 4 व्याज जवळजवळ सगळं भांडवली तोट्यात जातं. दर 2 टक्के असेल तर 2.04 होणंच पुरेसं आहे. नियम सोपा आहे: दराचा वर्ग करा आणि शंभराने भागा. 5 टक्क्यांना 0.25, 4 ला 0.16, 2.5 ला सुमारे 0.06, 2 ला 0.04. दर निम्मा झाला की तोट्यापासून वाचवणारा हा गाळा चौथाईवर येतो. दर जितका खाली, तितकं रोखे धरणाऱ्याचं संरक्षण झपाट्याने पातळ होतं आणि पैसा धरून थांबणं शहाणपणाचं ठरतं. व्याजदराला खालून अडवणारी ताकद या अंकगणितात आहे, लोकांच्या हावरेपणात नाही.

या तीन हेतूंतून दर ठरतो कसा? समजा एखाद्या अर्थव्यवस्थेत लोकांच्या हाती एकूण 1,000 पैसा आहे. चालू उत्पन्नाला व्यवहार आणि दक्षता मिळून 700 लागतो. उरलेला 300 कुणीतरी स्वखुशीने धरायलाच हवा, कारण पैसा नाहीसा करता येत नाही. मी तो देऊन रोखा घेतला तर तो रोखा विकणाऱ्याकडे जातो, एवढंच. तेव्हा रोख्यांच्या किमती अशा जागी येऊन थांबतात की जिथे बरोबर 300 पैसा धरण्याइतक्या लोकांना रोखे महाग वाटतात. मध्यवर्ती बँकेने 100 चे रोखे विकत घेतले आणि पैसा 1,100 केला, तर आता 400 धरायला लोक तयार व्हायला हवेत. त्यासाठी रोख्यांच्या किमती आणखी चढतात, दर उतरतो, आणि पूर्वी रोखे धरून असलेले आणखी काही जण ‘आता पुरे’ म्हणून विकतात. दर किती उतरेल हे त्या 100 वर अवलंबून नाही. ‘आता पुरे’ म्हणणारे किती लवकर भेटतात यावर ते आहे. पहिल्याच पायरीवर सगळे भेटले तर 100 पैसा गिळला जातो आणि दर जागचा हलत नाही. याला रोखता सापळा म्हणतात.

बचतीबद्दलची पहिली समजूतही इथेच कोसळते. लोकांनी खर्च कमी करून शिल्लक खात्यात ठेवली तर दर उतरवणारं काहीच लगेच घडत नाही. खर्च घटल्याने इतरांची मिळकत घटते, मग व्यवहाराला लागणारा पैसा कमी होतो, आणि तो मोकळा पैसा रोख्यांकडे वळला तर दर थोडा उतरतो. म्हणजे दर उतरतो तो मंदीच्या वाटेने. बचतीचं इतकं कौतुक करताना ही वाट कुणी सांगत नाही.

दुसऱ्या समजुतीची परीक्षा ब्रिटनमध्ये दोनदा झाली, चौदा वर्षांच्या अंतराने. पहिली 1932 ची. पहिल्या महायुद्धासाठी काढलेलं सुमारे 200 कोटी पौंडांचं 5 टक्क्यांचं युद्धकर्ज सरकारच्या डोक्यावर होतं. बँक ऑफ इंग्लंडने आपला दर फेब्रुवारीतल्या 6 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 30 जूनला 2 टक्क्यांवर आणला, आणि त्याच दिवशी अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी जाहीर केलं की हे कर्ज साडेतीन टक्क्यांत बदललं जाईल. ज्याला पैसे परत हवेत त्याने तसं कळवायचं; काही न कळवणाऱ्याचं कर्ज बदललं असं समजलं जाईल; आणि महिन्याभरात होकार देणाऱ्याला शंभरामागे 1 पौंड रोख. नव्वद टक्क्यांहून अधिक रकमेच्या धारकांनी बदल स्वीकारला. दर तिथेच थांबला नाही, 1935 च्या सुमारास दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा परतावा, म्हणजे बाजारभावाने रोखा घेणाऱ्याला पडणारा व्याजाचा दर, 3 टक्क्यांच्याही खाली आला.

दुसरी 1946 ची. बँक ऑफ इंग्लंडचा दर पुन्हा 2 टक्केच होता. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी ऑक्टोबरमध्ये अडीच टक्क्यांचे रोखे दर्शनी किमतीला आणले. सरकारला वाटलं तर 1975 नंतर परतफेड, बंधन मात्र कोणत्याच तारखेचं नाही. दर खाली ठेवण्यासाठी सरकारी खाती बाजारातून रोखे उचलत होती आणि पैशाचा साठा फुगत होता. लोकांनी काय केलं? सरकार खरेदी करत होतं तोवर त्यांनी आपले रोखे आनंदाने विकले आणि पैसा घेऊन थांबले. 1947 च्या सुरुवातीला कोळशाची तीव्र टंचाई आली, ऑगस्टमध्ये पौंडाची परिवर्तनीयता, म्हणजे पौंडाच्या बदल्यात डॉलर देण्याची सोय, स्थगित करावी लागली, आणि टेकू सुटला. वर्षा-दोन वर्षांत परतावा 3 टक्क्यांच्या पुढे गेला. 3 टक्क्यांना या रोख्याची किंमत 83 च्या आसपास येते. 100 देऊन तो घेणाऱ्याचं साडेसहा वर्षांहून अधिक व्याज गेलं. महागाईच्या सत्तरच्या दशकात त्याची किंमत दर्शनी किमतीच्या पाव भागाच्याही खाली गेली. अखेर परतफेड झाली ती 2015 मध्ये.

देश तोच, मध्यवर्ती बँक तीच, अल्पमुदतीचा दर तोच. मग फरक कशाने पडला? 1932 मध्ये किमती उतरत होत्या, उद्योग नवं कर्ज मागत नव्हते, आणि 5 टक्के हा युद्धकाळाचा अपवाद होता, दर आता खालीच राहतील, हे धारकांना पटण्यासारखं होतं. शिवाय साडेतीन टक्क्यांवर अजून 0.12 चा गाळा शिल्लक होता. 1946 मध्ये युद्धाने साठलेला पैसा लोकांच्या खात्यांत पडून होता, वस्तू कमी होत्या, महागाईचा दाब दिसत होता, आणि अडीच टक्क्यांवरचा गाळा अवघा 0.06 होता. दर एवढा कमी टिकेल यावर विश्वास नसलेल्या माणसाला हा रोखा धरायला लावणारं कारणच उरलं नव्हतं. डाल्टनच्या खरेदीने पैसा वाढला, पण तो सट्ट्याच्या हेतूने धरलेल्या साठ्यात जाऊन बसला. पैसा छापता येतो. दर खालीच राहील हा विश्वास त्याबरोबर छापता येत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. आजची मध्यवर्ती बँक पैशाचा साठा ठरवत नाही, ती अल्पमुदतीचा दर ठरवते आणि त्या दराला मागतील तितका पैसा बँकांना पुरवते. मग 1936 ची ही मांडणी शिळी झाली नाही का? आक्षेपातलं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष नाही. अल्पमुदतीचा दर ती ठरवते हे खरं, पण स्थिर दराचं दीर्घ मुदतीचं घरकर्ज, कारखान्याचं कर्ज आणि सरकारचं वीस-तीस वर्षांचं कर्ज ज्या दरावर चालतं तो दर अजूनही धारकांच्या अपेक्षांतूनच निघतो. बदललं आहे ते एवढंच की आज बाजूला थांबलेला पैसा बिनव्याजी नसतो, तो अल्पमुदतीच्या ठेवींत थांबतो आणि काहीतरी मिळवतो. त्यामुळे गाळा आणखी पातळ होतो. दीर्घ मुदतीचा परतावा 4 टक्के आणि ठेवीचा दर 3 टक्के असेल तर रोख्याचा फायदा फक्त 1 टक्क्याचा. तो पुसायला दर 4 वरून 4.04 झाला तरी पुरे. ठेव शून्य टक्के देत असती तर 4.16 लागले असते. अल्पमुदतीचे दर चढे असताना दीर्घ मुदतीचे रोखे इतके हळवे का होतात, त्याचं एक उत्तर या हिशेबात आहे.

दुसरा आक्षेप जपानचा. बँक ऑफ जपानने सप्टेंबर 2016 पासून दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा शून्याच्या आसपास बांधून ठेवला आणि मार्च 2024 पर्यंत ती पद्धत चालवली. म्हणजे पैशाच्या जोरावर दीर्घ दर दाबता येतो की! येतो, पण कोणत्या अटीवर ते पाहायला हवं. त्या दराला जितके रोखे विकायला येतील तितके घेण्याची तयारी लागते. अपेक्षा अनुकूल होत्या, महागाई नव्हती, तोवर थोड्या खरेदीत भागत होतं. 2022 मध्ये जगभर दर चढले, विकणारे वाढले, बँकेला प्रचंड खरेदी करावी लागली, आणि डिसेंबरमध्ये परताव्याची वरची मर्यादा 0.25 वरून 0.50 टक्क्यांवर न्यावी लागली. या काळात सरकारी रोख्यांपैकी जवळजवळ निम्मे मध्यवर्ती बँकेच्याच ताब्यात गेले होते. हा डाल्टनचा प्रयोगच आहे, फक्त जास्त खोल खिशाने केलेला. धारकांचं मत बदललं नाही तर त्यांना बाजारातून बाहेर काढून त्यांची जागा स्वतः घ्यावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा की ‘बँकेने आणखी पैसा सोडावा’ ही मागणी करण्यापूर्वी पैसा कोणत्या हेतूने वाढतो आहे ते पाहावं. ते ओळखता येतं. खात्यांतल्या शिलकी पगार आणि विक्रीबरोबर वाढत असतील तर तो व्यवहाराचा पैसा. तो नाकारला तर दर चढतो आणि चालता व्यापार अडतो. शिलकी वाढत आहेत, उलाढाल नाही, अल्पमुदतीचे परतावे ठेवीच्या दराला चिकटले आहेत आणि दीर्घ परतावा खाली यायला तयार नाही, तर पैसा सट्ट्याच्या हेतूने थांबला आहे. आणि शेअरबरोबर सर्वांत सुरक्षित सरकारी रोखेही पडत असतील तर ती दक्षतेची धाव आहे.

ही तिसरी खूण मार्च 2020 मध्ये स्पष्ट दिसली. एरवी भीती वाटली की लोक अमेरिकी सरकारी रोख्यांकडे पळतात आणि त्यांचा परतावा उतरतो. 9 मार्चला दहा वर्षांचा परतावा साधारण अर्ध्या टक्क्यावर होता. 18 मार्चला, भीती आणखी वाढलेली असताना, तो 1.2 टक्क्यांच्या जवळ चढला. व्याजदर वाढतील असं कुणालाही वाटत नव्हतं. लोकांना फक्त रोकड हवी होती आणि जे विकलं जाईल ते ते विकत होते. अशा वेळी मोजूनमापून पैसा सोडणं घातक ठरतं, कारण पुरवठ्याला मर्यादा आहे हे कळलं की प्रत्येकजण आपला वाटा आधी उचलू पाहतो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने 15 मार्चला किमान 50,000 कोटी डॉलरचे सरकारी रोखे घेण्याचं जाहीर केलं, आणि 23 मार्चला लागतील तेवढे घेऊ असं सांगितलं. दुसरी घोषणा जास्त उपयोगाची होती, कारण रोकड संपणार नाही असं कळल्यावर ती साठवण्याचं कारण उरत नाही.

सट्ट्याच्या साठ्यावर मात्र हे औषध लागू पडत नाही. तिथे धारकाला भीती रोकड संपण्याची नसते, दर चढण्याची असते. त्याला आणखी पैसा दिला तर तो तोही धरून ठेवतो. अल्पमुदतीचा दर किती काळ आणि कोणत्या अटी पूर्ण होईपर्यंत खाली राहील हे मध्यवर्ती बँकेने आधी सांगणं आणि सांगितलेलं पाळणं, हा तिथला पहिला उपाय. सांगून, पाळूनही दीर्घ परतावा हलत नसेल आणि माणसं व यंत्रं रिकामी असतील, तर सरकारने आहे त्या दराने कर्ज काढून स्वतः कामं सुरू करावीत. तो दर आणखी पाव टक्का उतरेल म्हणून कामं थांबवून बसू नये.